उन्हाळी इंटर्नचे मूल्यमापन कसे लिहावे: गुणवत्ता विभागातल्या आठ आठवड्यांच्या नोंदींवरून

मे महिन्यात आलेला इंटर्न जुलैच्या पहिल्या आठवड्यात निरोप घ्यायला येतो, त्याच्या हातात कॉलेजचा छापील फॉर्म असतो आणि त्यावर हजेरी, शिस्त, ज्ञान, संघभावना अशा रकान्यांपुढे ‘उत्तम’, ‘चांगले’, ‘समाधानकारक’ यांपैकी एकावर खूण करायची असते. पाच मिनिटांत तो भरून होतो, सगळीकडे ‘उत्तम’ लिहिले जाते आणि मुलगा खूश होऊन जातो. मी पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या गुणवत्ता विभागात अनेक वर्षे काम केले आहे आणि असे फॉर्म मीही भरले आहेत. त्यातून त्या विद्यार्थ्याला काहीच मिळाले नाही, हे मला उशिरा कळले. शिकण्याचा वेग, स्वतःहून पुढाकार आणि राहिलेल्या उणिवा या तीनच गोष्टींवर प्रामाणिक, पुराव्यानिशी दोन पाने कशी लिहावीत, हे मी इथे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगणार आहे. उदाहरणातली विद्यार्थिनी मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आमच्याकडे आठ आठवड्यांसाठी आली होती. तिचे नाव अर्थातच देत नाही.

नोंद पहिल्या दिवसापासून

मूल्यमापन शेवटच्या आठवड्यात लिहायचे असले, तरी त्याची सामग्री पहिल्या दिवसापासून जमवावी लागते. आठव्या आठवड्यात आठवू लागलो, की शेवटचे सादरीकरण तेवढे डोळ्यांपुढे येते. ते चांगले झाले असेल तर सगळी इंटर्नशिप चांगली वाटते आणि त्या दिवशी मुलाची गडबड उडाली असेल तर आधीचे सात आठवडे पुसले जातात. यावर माझा उपाय साधा आहे. एक वही ठेवायची आणि दर शुक्रवारी शिफ्ट संपण्याआधी तीन ओळी लिहायच्या: या आठवड्यात काय नवीन दाखवले, काय तिने एकटीने केले आणि कुठे अडली. विशेषणे लिहायची नाहीत. ‘हुशार आहे’ ही नोंद जुलैमध्ये निरुपयोगी ठरते, ‘बुधवारी मास्टर रिंगवर शून्य न लावताच मापे घेतली, विचारल्यावर लगेच चूक कळली’ ही उपयोगी पडते. मास्टर रिंग म्हणजे नेमक्या माहीत मापाचे कडे, मोजण्याआधी गेजचा शून्य त्यावर लावतात.

वही ठेवली नसेल तर हात टेकण्याचे कारण नाही. इंटर्नची स्वतःची डायरी, तपासणी नोंदपत्रकांवरच्या सह्या व तारखा, अहवालाचे जुने मसुदे आणि ई-मेल यांवरून बरेचसे पुन्हा जुळवता येते. मात्र अशा वेळी ‘हे मूल्यमापन उपलब्ध कागदपत्रांवरून केले आहे’ असे वर स्पष्ट लिहावे.

शिकण्याचा वेग: तारखा पाहाव्या, ठसा नव्हे

‘लवकर शिकते’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर असते, पण किती लवकर आणि काय, हे कुठेच नसते. त्यासाठी दोन-तीनच कौशल्ये निवडावीत आणि प्रत्येकाच्या चार तारखा मांडाव्यात: पहिल्यांदा दाखवले कधी, मदतीने जमले कधी, एकटीने जमले कधी आणि परिस्थिती थोडी बदलल्यावरही जमले कधी. चौथी तारीख सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पहिल्या तीन तारखा नुसत्या हालचालींची नक्कल करूनही गाठता येतात.

आमच्या विद्यार्थिनीसाठी मी छिद्राचा व्यास मोजणाऱ्या बोअर गेजचे मापन निवडले. ॲल्युमिनियमच्या एका हाउसिंगमध्ये ३५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र होते आणि त्याची मर्यादा शून्य ते अधिक ०.०२५ मिलिमीटर, म्हणजे एकूण २५ मायक्रॉन होती. बोअर गेज छिद्रात घालून अक्षाच्या दिशेने हलकेच डोलवावे लागते आणि काटा ज्या सर्वांत लहान आकड्यावरून परत फिरतो तो आकडा धरावा लागतो. नवखा माणूस गेज आत घालून काटा जिथे थांबेल तिथे वाचतो, त्यामुळे माप खऱ्यापेक्षा मोठे येते आणि दर वेळी वेगळे येते.

पहिल्या आठवड्यात तिला एकच नग पाच वेळा मोजायला दिला, तेव्हा तिच्या मापांमध्ये ९ मायक्रॉनचा फरक होता. २५ मायक्रॉनच्या मर्यादेत ९ मायक्रॉन मोजणाऱ्याच्या हातातच जात असतील, तर त्या मापावर निर्णय घेता येत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तोच फरक ४ वर आला आणि तिसऱ्या आठवड्यात ती २ मायक्रॉनच्या आत सातत्याने मोजू लागली. पाचव्या आठवड्यात मी तिला न सांगता दुसरा गेज दिला, ज्याचा शून्य मुद्दाम हलवून ठेवला होता. तिने पहिले माप घेण्याआधी मास्टर रिंग मागितली. ही चौथी तारीख. तिच्यापुढे मी लिहिले: ‘कारण समजून शिकते.’

ही पद्धत कोणत्याही कामाला लावता येते, फक्त कौशल्य मोजता येण्याजोगे लहान हवे. ‘गुणवत्ता नियंत्रण शिकली’ याला तारीख लावता येत नाही.

दोन गोष्टींत इथे हमखास चूक होते. पहिली म्हणजे वेगवेगळ्या कौशल्यांची सरासरी काढणे. हीच मुलगी गेजवर तीन आठवड्यांत तयार झाली, पण ड्रॉइंगवरची भौमितिक मर्यादांची चिन्हे वाचायला तिला सहा आठवडे लागले. दोन्ही मिळून ‘मध्यम वेग’ लिहिले असते तर दोन्हीही खोटे ठरले असते. हाताने करण्याच्या कामात जलद आणि चिन्हांवरून आकृती डोळ्यांपुढे आणण्यात संथ, असे वेगळे लिहिले की पुढच्या माणसाला तिच्याकडून कोणते काम कसे करून घ्यावे ते कळते. दुसरी चूक म्हणजे बोलण्याचा संकोच हा शिकण्याचा संथपणा मानणे. बैठकीत इंग्रजी चालू असताना गप्प बसणारी मुले त्याच विषयावर ऑपरेटरशी मराठीत नेमके प्रश्न विचारताना मी पाहिली आहेत. म्हणून समजले की नाही, हे एकदा तरी मशीनजवळ, तिच्या भाषेत विचारून पाहावे. इंग्रजी बोलण्याचा सराव कमी असेल तर ती स्वतंत्र उणीव आहे, ती तिच्या जागी लिहावी.

पुढाकार: घटनेची दोन्ही बाजूंनी नोंद

पुढाकाराबद्दल लिहिणे सर्वांत अवघड जाते, कारण पुढाकार आणि अधिकाराबाहेर पाऊल टाकणे यांत फार अंतर नसते आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच माणसाकडून, एकाच गोष्टीत घडतात. आमच्याकडे तसेच झाले.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती सीएनसी मशीनमधून निघालेले नग लगेच मोजत होती. मापे अधिक ०.०२२ च्या आसपास येत होती, म्हणजे वरच्या मर्यादेला अगदी चिकटून. रिजेक्शन होईल या काळजीने तिने ऑपरेटरला सांगितले, “दादा, ऑफसेट दहा मायक्रॉन कमी करा ना.” ऑफसेट म्हणजे हत्याराच्या जागेसाठी मशीनमध्ये भरलेली दुरुस्ती, ती कमी केली की छिद्र तेवढे लहान निघते. त्यांनी केला. गुणवत्ता विभागातून सांगितले आहे म्हणजे बरोबरच असणार, असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लॉटमधल्या ३० नगांपैकी १४ नगांत गो गेज, म्हणजे छिद्र किमान मापापेक्षा लहान नाही ना हे तपासणारा गेज, जाईना. छिद्रे लहान झाली होती. ती पुन्हा मशीनवर चढवून मोठी करता आली, म्हणून माल वाचला, पण अर्धी शिफ्ट त्यात गेली.

कारण तापमानाचे होते. मेच्या उकाड्यात कूलंटच गरम झालेले असते आणि मशीनमधून ताजा निघालेला नग खोलीपेक्षा साधारण १५ अंशांनी अधिक गरम होता. ॲल्युमिनियम दर अंशाला, दर मीटरला सुमारे २३ मायक्रॉन वाढते. ३५ मिलिमीटरला आणि १५ अंशांना हिशेब केला तर १२ मायक्रॉन येतात. मास्टर रिंग पोलादाची आणि खोलीच्या तापमानाची होती. म्हणजे गरम असताना २२ दिसणारा नग थंड झाल्यावर १० वर, मर्यादेच्या जवळजवळ मध्यावर होता. जे बरोबर होते तेच तिने बिघडवले होते.

मूल्यमापनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पुढे घडले. तिला कोणी रागावले नाही, पण कोणी कारणही समजावले नव्हते, कारण सगळे दुरुस्तीच्या घाईत होते. चौथ्या आठवड्यात तिने आपणहून दहा नगांवर मार्करने क्रमांक घातले, मशीनमधून निघताच मोजले, टेबलावर ठेवून अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी पुन्हा मोजले, प्रत्येक वेळी मास्टर रिंगवर शून्य तपासला आणि तो तक्ता माझ्या टेबलावर आणून ठेवला. फरक १० ते १३ मायक्रॉनचा होता. अर्ध्या तासानंतर मापे फारशी बदलत नव्हती. त्या तक्त्यावरून आम्ही ‘नग मास्टर रिंगसोबत किमान अर्धा तास ठेवूनच मोजावा’ ही सूचना तपासणी पत्रकात घातली.

आता याबद्दल काय लिहावे? फक्त तक्त्याबद्दल लिहिले तर कौतुक होईल आणि फक्त ऑफसेटबद्दल लिहिले तर अन्याय होईल. मी दोन्ही, घडले त्या क्रमाने लिहिले. त्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारले. तिने पाहिले ते कोणी सांगितले होते का? नाही, दोन्ही वेळा स्वतःच पाहिले. तिने केलेली कृती उलट फिरवता येण्याजोगी आणि तिच्या अधिकारातली होती का? तक्ता होता, ऑफसेट नव्हता. करण्याआधी किंवा करताच तिने कोणाला सांगितले का? ऑफसेटच्या वेळी नाही. तक्त्याच्या वेळीही, पहिल्या दिवशी फरक दिसल्यावर खात्री होईपर्यंत ती दोन दिवस थांबली. या तिसऱ्या उत्तरातून खरी गोष्ट हाती आली. तिच्यात पुढाकार भरपूर आहे, माहिती अपुरी असताना सांगण्याची सवय नाही.

एक चौथा प्रश्न स्वतःच्या विभागाला विचारावा लागतो: पुढाकार घ्यायला जागा दिली होती का, आणि कुंपण दाखवले होते का? ऑफसेटबद्दल निर्णय फक्त सेटर आणि शिफ्ट सुपरवायझर घेतात, हे तिला पहिल्या दिवशी कोणीही सांगितले नव्हते. ते मी तिच्या मूल्यमापनात लिहिले, कारण ती चूक निम्मी आमची होती. उलट, ज्या इंटर्नला आठ आठवडे फक्त नोंदपत्रके संगणकात भरायला बसवले, त्याच्याबद्दल ‘पुढाकार दिसला नाही’ असे लिहिणे खोटे आहे. तिथे ‘पुढाकार दिसेल असे काम दिले गेले नाही’ एवढेच लिहावे.

उणिवा: आधी तीन ढीग करावेत

उणिवा लिहिताना हात आखडतो. मुलाचे नुकसान होईल, कॉलेज नाराज होईल, तो ओळखीतून आला असेल तर त्या ओळखीच्या माणसाला काय वाटेल, असे बरेच काही मनात येते आणि मग ‘अनुभवाने सुधारेल’ असे लिहून मोकळे होतो. उणिवा तीन ढिगांत वेगळ्या केल्या की लिहिणे सोपे होते आणि न्यायही होतो. पहिला ढीग शिकवलेच नाही अशा गोष्टींचा, दुसरा शिकवले पण करायची संधी मिळाली नाही अशांचा आणि तिसरा शिकवूनही, संधी मिळूनही राहिलेल्यांचा. खऱ्या अर्थाने इंटर्नची उणीव म्हणजे फक्त तिसरा ढीग.

तिच्या बाबतीत थ्री-डी मापनयंत्र पहिल्या ढिगात गेले, ग्राहकाच्या तक्रारीचे विश्लेषण दुसऱ्या ढिगात. तिसऱ्या ढिगात दोन गोष्टी उरल्या. एक वर सांगितली, अपुरी माहिती वेळेवर न सांगणे. दुसरी आकडेवारीची होती. प्रक्रियाक्षमता, म्हणजे मशीन मर्यादेच्या आत किती सातत्याने नग काढते याचा आकडा, काढताना तिने दोन वेगवेगळ्या मशीनवरचे नग एकत्र केले आणि एकाच आकड्यात मांडले. दोन मशीनची सरासरी वेगळी असेल तर असा आकडा कोणत्याच मशीनबद्दल खरे सांगत नाही. हे तिला पाचव्या आठवड्यात आलेख काढून दाखवले होते, सहाव्यात पुन्हा सांगितले होते आणि तरीही अंतिम अहवालात तीच चूक होती. तीन तारखा असल्यामुळे हे लिहिताना मला शंका राहिली नाही.

वाक्य कसे लिहावे, तेही पाहू. ‘सांख्यिकी कच्ची आहे’ हे वाक्य बोचते आणि उपयोगाचेही नाही. मी लिहिले: ‘दोन मशीनची मापे वेगळी न करता प्रक्रियाक्षमता काढण्याची चूक दोनदा दाखवूनही अंतिम अहवालात राहिली. सूत्र येते. मापे कुठून आली हे आधी विचारण्याची सवय नाही. आकडेमोड करण्यापूर्वी मशीननिहाय आलेख काढण्याचा सराव करावा.’ यात काय घडले, किती वेळा घडले, नेमके काय येत नाही आणि पुढे काय करायचे, एवढे सगळे आले. स्वभावाबद्दल एकही शब्द नाही. ‘निष्काळजी’, ‘आळशी’, ‘अबोल’ असे शब्द कागदावर उतरू लागले की समजावे, आपल्याकडे घटना कमी पडत आहेत.

इतरांना विचारणे

मार्गदर्शक दिवसातून तासभर इंटर्नसोबत असतो, ऑपरेटर आणि लाइन इन्स्पेक्टर दिवसभर असतात. त्यांना मसुदा लिहिण्याआधी, वेगवेगळे गाठून विचारावे. ‘कशी आहे मुलगी?’ असे विचारले तर ‘चांगली आहे हो’ हेच उत्तर येते. मी विचारतो, ‘कोणती गोष्ट तिला दोनदा सांगावी लागली?’ आणि ‘उद्या तुम्ही रजेवर असाल तर यातले कोणते काम तिच्यावर सोडून जाल?’ आमच्या ज्येष्ठ इन्स्पेक्टरांनी दुसऱ्या प्रश्नावर थोडा विचार करून सांगितले, “मोजायचं काम बिनघोर सोडीन, साहेब. पण नग अडवायचा की पाठवायचा, ते नाही सोडणार अजून.” माझ्या दोन पानांत मी जे सांगू पाहत होतो, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. त्यांच्या संमतीने ते मूल्यमापनात घेतले.

बोलणे आधी, सही नंतर

मसुदा तयार झाला की शेवटच्या दिवसाच्या किमान तीन दिवस आधी इंटर्नसोबत पाऊण तास बसावे. निरोपाच्या दिवशी पेढे वाटप चालू असताना उणिवांवर बोलता येत नाही. बसण्याआधी याच तीन मुद्द्यांवर तिला स्वतःबद्दल एक पान लिहून आणायला सांगावे आणि तिचे पान आधी वाचावे. ज्या उणिवा तिने स्वतःच लिहिल्या असतील, त्यांवर आपल्याला फार बोलावे लागत नाही. ज्या लिहिल्या नसतील, तिथे वेळ द्यावा.

तिने ऑफसेटची चूक सविस्तर लिहिली होती, दोन दिवस थांबल्याचे मात्र लिहिलेच नव्हते. मी विचारले, “पहिल्याच दिवशी फरक दिसला होता, तेव्हा का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “सर, आधी एकदा चूक झाली होती. या वेळी पूर्ण खात्री करूनच सांगायचं ठरवलं होतं.” हे कारण मला ठाऊक नव्हते. तिची सवय मी ज्याला संकोच समजत होतो, ती निदान काही अंशी आमच्याकडच्याच घटनेतून आली होती. मसुद्यातले ‘सवय नाही’ हे शब्द मी बदलले आणि ‘आधीच्या चुकीनंतर, खात्री होईपर्यंत माहिती रोखून ठेवली, प्राथमिक निरीक्षण “अजून तपासत आहे” असे म्हणून त्याच दिवशी कळवावे’ असे लिहिले. आकडेवारीबद्दलचे वाक्य तिला आवडले नाही, पण तिन्ही तारखा दाखवल्यावर तिने मान्य केले आणि ते तसेच ठेवले. तथ्य चुकले असेल तर बदलावे, नुसते कटू लागले म्हणून सौम्य करू नये.

कॉलेजचा फॉर्म आणि शिफारसपत्र

दोन पानांचे मूल्यमापन झाल्यावरच कॉलेजचा फॉर्म भरावा, त्यातल्या खुणा या पानांशी जुळल्या पाहिजेत. प्रत्येक रकान्यात ‘उत्तम’ देण्याऐवजी मी एकच कसोटी लावतो: येत्या सोमवारी हे काम तिला एकटीला दिले तर चालेल का? चालेल तर उत्तम, कोणीतरी शेवटी नजर टाकावी लागेल तर चांगले, सोबत बसावे लागेल तर समाधानकारक. तिला मापनात उत्तम, विश्लेषणात समाधानकारक मिळाले. फॉर्मला आमची दोन पाने जोडून पाठवली, म्हणजे प्राध्यापकांना ती खूण कशावरून आली हे कळावे.

शिफारसपत्रात उणिवा लिहिण्याची गरज नसते, पण ज्या गोष्टीची खात्री नाही ती गोष्ट त्यात घालू नये. निर्णयक्षमतेबद्दल मी एक शब्दही लिहिला नाही, मापनातील अचूकता आणि गरम-थंड नगांचा तिने केलेला अभ्यास यांवर सविस्तर परिच्छेद लिहिला. आठ आठवड्यांत चिकाटी, दीर्घ दबावाखालचे वागणे किंवा नेतृत्व कळत नाही, त्यामुळे ते शब्दही टाळले.

एक प्रत तिला दिली, एक विभागाच्या फाइलमध्ये ठेवली. ‘शिकवलेच नाही’ आणि ‘संधी मिळाली नाही’ हे दोन ढीग मात्र वेगळ्या कागदावर उतरवून पुढच्या मे महिन्यात येणाऱ्या इंटर्नच्या पहिल्या दिवसाच्या यादीला जोडले. त्या यादीत सर्वांत वर आता एक ओळ आहे: ऑफसेट बदलण्यास फक्त सेटर किंवा शिफ्ट सुपरवायझर सांगू शकतात.